साडेचार आणि पाच

हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावात मावशींच्या ओसरीवर बसून मी भूकंपाच्या पाहणीचा फॉर्म भरत होते. आदल्या दिवशी, २१ मार्च २०२४ ला, सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी धक्का बसला होता आणि त्यामागोमाग दहा-बारा मिनिटांत आणखी एक, जरा हलका.

"तुम्ही तेव्हा कुठं होता मावशी?"

"इथंच की. चूल पेटवत होते."

"मग काय झालं?"

इथं गप्प बसायचं असतं. भांडी वाजली का, पाणी सांडलं का, असं आपणच विचारलं की माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि फॉर्म वाया जातो. मावशी थोडं थांबून म्हणाल्या, "आधी जमिनीतून गुरगुर आली. मग मांडणीवरचे भांडे खळाखळा वाजले. घागर काठोकाठ भरलेली होती, तिच्यातलं पाणी हिंदकळून खाली आलं. पोरगा आत झोपला होता, तो उठून बाहेर पळाला."

मी एकेक गोष्ट लिहून घेतली. घागर कितपत भरलेली होती हेही लिहिलं, कारण अर्ध्या घागरीतून पाणी सांडणं आणि काठोकाठ भरलेलीतून सांडणं यांत मोठा फरक आहे. मावशींचा मुलगा शेजारी उभा होता. कागदावर मी लिहिलेला आकडा बघून त्यानं विचारलं, "मॅडम, पेपरात तर साडेचार तीव्रता आलीय. तुम्ही पाच कसं लिहिता?"

त्याचं चुकत नव्हतं, घोळ आपल्या भाषेत आहे. "४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप" हे वाक्य आपण इतक्या वर्षांपासून वाचतो आहोत की तीव्रता म्हणजे रिश्टर असंच डोक्यात बसलं आहे. प्रत्यक्षात साडेचार हे भूकंपाचं परिमाण. जमिनीखाली जे घडलं ते केवढं मोठं होतं, याचा तो एकच आकडा. तो हिंगोलीलाही तोच आणि हैदराबादलाही तोच. तीव्रता मात्र जागेची असते. मावशींच्या गावात जमीन किती हलली, पलीकडच्या गावात किती, नांदेडला किती, हे सगळे वेगवेगळे आकडे. एका भूकंपाला परिमाण एक आणि तीव्रता जितकी गावं तितक्या. तीव्रता रोमन अंकांत लिहायची पद्धत आहे आणि तिच्यात दशांश चिन्ह नसतं. दोन आकड्यांची गल्लत होऊ नये म्हणून हा फरक मला फार सोयीचा वाटतो.

साडेचार कुठून येतो, हे मी विद्यार्थ्यांना कागदावरचा आलेख आणि पट्टी देऊन शिकवते. आता हे काम संगणक काही मिनिटांत करतो, पण हातानं एकदा केल्याशिवाय ते कळत नाही. आलेखावर सरळ रेघ चाललेली असते, मग एक बारीक थरथर सुरू होते. ती प्राथमिक लहर, सगळ्यांत वेगवान. थोड्या वेळानं एकदम मोठे झोके येतात, ती दुय्यम लहर. दोघींच्या आगमनातलं अंतर सेकंदांत मोजायचं. विजेनंतर गडगडाट किती वेळानं आला यावरून वीज किती लांब पडली ते आपण ताडतो, तसंच हे. जवळपासच्या भूकंपांसाठी सेकंदांना आठानं गुणलं की किलोमीटर मिळतात. अंतर २५ सेकंद असेल, तर भूकंप २०० किलोमीटरवर झाला.

मग पट्टीनं सगळ्यांत उंच झोका मोजायचा. समजा तो १० मिलिमीटर भरला. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी जी पद्धत बसवली, तिच्यात ठरावीक बनावटीच्या, वुड-अँडरसन नावाच्या यंत्रावरचा हा झोका धरतात. १०० किलोमीटरवर १ मिलिमीटरचा झोका आला तर परिमाण ३, असा त्यांनी पाया घातला. झोका दसपट झाला की परिमाण एकानं वाढतं. अंतर वाढलं की लहर क्षीण होते, म्हणून त्याची भरपाई करायची. २०० किलोमीटरसाठी ती साधारण साडेतीन आहे. १० चा लॉगॅरिदम १. त्यात साडेतीन मिळवले, की साडेचार.

आता मी मुलांना १०० किलोमीटरवरच्या केंद्राचा आलेख देते. त्यावरचा झोका ३२ मिलिमीटर, म्हणजे तिपटीहून मोठा. त्याचा लॉगॅरिदम दीड, भरपाई तीन, बेरीज पुन्हा साडेचार. हे उत्तर आलं की वर्गात दरवेळी एक-दोन चेहरे उजळतात. झोका वेगळा, अंतर वेगळं, आकडा तोच. अंतराचा हिशेब वजा करून जे उरतं, ते परिमाण. खऱ्या नोंदींत मात्र इतकं नेमकं जमत नाही. एखादं केंद्र मऊ मातीवर असेल तर तिथं झोका फुगतो. शिवाय आपल्या दख्खनच्या कठीण खडकातून लहरी कॅलिफोर्नियाच्या मानानं कमी क्षीण होत लांबवर जातात, म्हणून भरपाईचे आकडे इथले वेगळे लागतात. एकाच केंद्रावर विसंबायचं नाही, अनेकांची सरासरी घ्यायची.

तीव्रतेला यंत्र नाही. तिथं घर आणि माणूस हीच यंत्रं. आपल्याकडे वापरतात ते एमएसके मापक १९६४ चं, मेदवेदेव, स्पॉनहॉयर आणि कार्निक या तिघांच्या आद्याक्षरांचं, बारा पायऱ्यांचं. चौथ्या पायरीला घरातल्या बऱ्याच जणांना धक्का जाणवतो, दारं-खिडक्या-भांडी वाजतात. पाचव्या पायरीला झोपलेली बरीच माणसं जागी होतात, टांगलेल्या वस्तू जोरात झुलतात, काठोकाठ भरलेल्या भांड्यातलं पाणी सांडतं, मातीच्या घरांना बारीक भेगा पडू शकतात. घाबरून बरीच माणसं बाहेर पळतात, ती सहावी पायरी.

मावशींचा मुलगा बाहेर पळाला होता. त्यांच्या गल्लीतले जवळजवळ सगळेच पळाले होते. मग सहा का नाही? कारण हा मराठवाडा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर इथं भांडं वाजलं तरी माणूस अंगणात येतो. युरोपात लिहिलेल्या मापकाला हे ठाऊक नाही. म्हणून मी भीतीपेक्षा वस्तूंवर भर देते. घागर खोटं बोलत नाही.

भिंतीही खरं सांगतात, पण त्यांना विचारता आलं पाहिजे. भूकंपानंतर घरातल्या सगळ्या जुन्या भेगा लोकांच्या नजरेस नव्यानं पडतात. भेगेत काजळी, चुन्याचा हात किंवा कोळिष्टक असेल तर ती जुनी. कडा उजळ आणि धारदार असतील, खाली जमिनीवर गिलाव्याचा ताजा भुगा पडलेला असेल तर नवी. मावशींच्या चुलीमागच्या भिंतीत अशी एक नवी भेग होती, वीतभर. शेजारच्या आठ-दहा मातीच्या घरांत हिंडून पाहिलं, दोन घरांत तसंच काही सापडलं. सगळं धरून मी पाच लिहिलं. दुपारी गेले त्या गावात भांडी वाजली होती, पण भरली घागर जागची हलली नव्हती, तिथं चार.

या मापकाची खरी कसोटी मी १९९३ मध्ये पाहिली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षात होते आणि काही आठवड्यांनी आम्हाला तिथं नेलं होतं. गाव म्हणजे दगडांचा ढीग होता. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, मातीत रचलेले गोटे, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारा एकही आरपार दगड नाही. थर सुटे झाले आणि वरचं माळवद, फूट-दोन फूट मातीच्या ओझ्यासह, झोपलेल्या माणसांवर आलं. हजारो माणसं गेली.

त्या ढिगाकडे बघून मनात सर्वांत वरचा आकडा येतो. पण मापक तसं चालत नाही. ते आधी घराची जात विचारतं: 'अ' म्हणजे माती-दगडाचं, 'ब' विटांचं, 'क' काँक्रीटचं. 'अ' जातीची बरीच घरं साफ कोसळली, इतक्यावर नववी पायरी गाठली जाते. आणि एकदा ती सगळी पडली, की त्यांच्याकडून पुढचं काही कळत नाही. दहावी पायरी झाली असती तरी ढीग असाच दिसला असता. तेव्हा उभं काय राहिलं ते शोधावं लागतं. आम्ही कुडाच्या खोपी पाहिल्या, पत्र्याची शेडं पाहिली, हलकी बांधकामं तग धरून होती. किल्लारीची कमाल तीव्रता आठ ते नऊ धरली गेली, ती अशा तुलनेतून.

परिमाणाचीही अशीच अडचण आहे. तेव्हा ६.४ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता, आता ६.२ लिहितात. भूकंप बदलला नाही, मोजायची पद्धत बदलली. झोक्यावर बेतलेली मापं मोठ्या भूकंपांत तोकडी पडतात, कारण भूकंप कितीही मोठा झाला तरी त्या विशिष्ट लहरी एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीत. म्हणून आता खडक किती मोठ्या पृष्ठावर आणि किती सरकला, यावरून आघूर्ण परिमाण काढतात. ठोकळमानानं १० किलोमीटर लांब आणि ६ किलोमीटर रुंद पृष्ठ एक मीटरनं सरकलं, असं धरलं, तरी उत्तर ६.१ च्या आसपास येतं. साडेचारच्या धक्क्याशी ताडून पाहिलं तर ६.२ मधली ऊर्जा साडेतीनशे पट भरते. तरी जगाच्या हिशेबात ६.२ मध्यमच. पण किल्लारीला खडक अगदी उथळ तुटला, भेग जमिनीवर दिसण्याइतका उथळ, आणि वर तसली घरं होती. तीच लहर मुंबई-हैदराबादला पोचली तेव्हा लोकांना नुसती जाणवली.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला हिंगोलीत पुन्हा धक्का बसला. परिमाण पुन्हा ४.५. मी पुन्हा मावशींकडे गेले. या वेळी जाग येण्याचा प्रश्न निरुपयोगी होता, सगळं गाव उठलेलं होतं. घागर निम्मीच भरलेली होती, तिच्याकडूनही काही कळलं नाही. भिंतीकडे मात्र पाहता येणार होतं, कारण मार्चमध्ये निघताना मी भेगेच्या टोकाला पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख घातली होती.

भेग रेघेच्या पुढे दोन बोटं गेली होती. एवढ्यावरून या खेपेला तीव्रता जास्त होती असं म्हणता येत नाही, आधीच तडकलेली भिंत कमी हिसक्यानंही पुढे फाटते. शेजारच्या धड भिंती पाहिल्या, त्यांत नवं काही नव्हतं. भांडी वाजली होती, दिव्याची वायर झुलली होती. मी चार लिहिलं आणि भेगेच्या नव्या टोकाला दुसरी रेघ मारली.

"ताई, पंचमीला घर सारवायचं आहे," मावशी म्हणाल्या. "तेवढी जागा सोडू का?"

"सोडा," मी म्हटलं.