वजा दोनचं काय चुकलं?

अकरावीच्या सरावात हमखास भेटणारं एक समीकरण घेऊ:

log₂ x + log₂ (x − 2) = 3

पाया सारखाच आहे, म्हणून बेरजेचा नियम लावला की दोन लॉग एकत्र येतात: log₂ [x(x − 2)] = 3. लॉग काढून टाकला की कंसातला गुणाकार 2³, म्हणजे 8. पुढे x² − 2x − 8 = 0 हे साधं वर्गसमीकरण उरतं आणि त्यातून x = 4 किंवा x = −2 अशी दोन उत्तरं मिळतात. बहुतेक वह्यांत या ठिकाणी चौकट आखून उत्तर लिहिलेलं असतं.

आता ताळा करू. x = 4 ठेवला तर log₂ 4 म्हणजे 2, log₂ 2 म्हणजे 1, बेरीज 3. जमलं. x = −2 ठेवला तर पहिल्याच पदात log₂ (−2) येतं, म्हणजे 2 चा कितवा घात −2 होईल हा प्रश्न. 2 चा तिसरा घात 8, शून्यावा 1, उणे तिसरा 1/8. घातांक कितीही खाली नेला तरी उत्तर शून्याच्या जवळ जातं, शून्यावर किंवा त्याच्या खाली कधी उतरत नाही. म्हणून log₂ (−2) ला वास्तव संख्यांत किंमतच नाही. −2 बाद.

पण हाच ताळा कुणी दुसऱ्या ओळीत केला तर? तिथे x(x − 2) म्हणजे (−2) × (−4) = 8, आणि log₂ 8 बरोबर 3. चोख जमतं! एक्सेलमध्येही हे करून बघता येईल. =LOG(-2,2)+LOG(-4,2) असं लिहिलं तर #NUM! अशी तक्रार येते, आणि =LOG((-2)*(-4),2) लिहिलं तर मुकाट्याने 3 येतो. गणित सोडवताना आपण जी वर्गसमीकरणाची ओळ लिहितो, तिच्यात तर लॉगचा मागमूसही नसतो. तिथे ताळा करणं म्हणजे फक्त अवयव बरोबर पाडलेत का हे तपासणं. ताळा करायचा तो प्रश्नपत्रिकेत छापलेल्या समीकरणात.

वजा दोन शिरला तो नियम लावला त्या क्षणी. सुरुवातीच्या समीकरणाला x आणि x − 2 या दोन्ही संख्या धन हव्या होत्या, म्हणजे x > 2. एकत्र केलेल्या लॉगला फक्त गुणाकार धन असला की पुरतो, आणि दोन ऋण संख्यांचा गुणाकारही धनच असतो. म्हणजे x < 0 हा आख्खा पट्टा नव्याने आत आला. log A + log B = log AB हा नियम A आणि B दोन्ही धन असतानाच खरा आहे. पुस्तकात ही अट नियमाशेजारी छापलेली असते, पण पाठ होतो तो नुसता नियम.

इथून एक चुकीची सवय लागते. ऋण उत्तर दिसलं की काट मारायची. ती सवय कुठे फसते ते पाहा:

log₂ (1 − x) + log₂ (3 − x) = 3

पुन्हा तीच रीत: (1 − x)(3 − x) = 8, म्हणून x² − 4x − 5 = 0, आणि x = 5 किंवा −1. सवयीने −1 खोडणारा खरं उत्तर खोडतो. x = −1 ठेवला तर कंसांत 2 आणि 4 येतात, लॉग 1 आणि 2, बेरीज 3. उलट 5 ठेवला तर कंसांत −4 आणि −2. बाद होतो तो 5. x ऋण आहे की धन याच्याशी लॉगला देणंघेणं नाही. त्याला कंसातली संख्या धन हवी.

आणि लॉगची स्वतःची किंमत? ती खुशाल ऋण असू दे. पहिल्या समीकरणात 3 च्या जागी 1 घातला तर x² − 2x − 2 = 0 येतं आणि x = 1 + √3, म्हणजे सुमारे 2.732. कॅल्क्युलेटरवर 10 पाया घेऊन ताळा केला तर log 2.732 म्हणजे 0.4365 आणि log 0.732 म्हणजे −0.1355. इथे वजाचं चिन्ह पाहून काही जण बिचकतात. बेरीज 0.3010 येते, तीच log 2 ची किंमत. उत्तर बरोबर आहे.

आतापर्यंतची चूक ताळ्याने पकडता येते. तिचा उलटा प्रकार मात्र ताळ्याच्याही हाती लागत नाही. log₁₀ (x − 1)² = 2 हे समीकरण घ्या. घातांकाचा नियम लावून 2 पुढे आणला की 2 log₁₀ (x − 1) = 2, म्हणून x − 1 = 10 आणि x = 11. ताळा केला, 10 चा वर्ग 100, त्याचा लॉग 2. सगळं ठीक. फक्त x = −9 हे उत्तर गायब आहे. −9 − 1 म्हणजे −10, त्याचाही वर्ग 100. वर्ग होता तोवर कंसात ऋण संख्या चालत होती. 2 पुढे काढल्यावर चालेनाशी झाली. जे उत्तर कागदावर आलंच नाही त्याचा ताळा कोण करणार? इथे उपाय एकच: पायरी लिहितानाच अट तपासायची. log a² म्हणजे 2 log |a| असं लिहिलं की दोन्ही उत्तरं हाती राहतात.

या पायरीवर शाळकरी मुलंच घसरतात असं नाही. 1712-13 मध्ये योहान बर्नुली आणि लायब्निट्स यांचा पत्रांतून वाद झाला: ऋण संख्यांना लॉग असतो का? बर्नुलीचं म्हणणं, −x चा लॉग आणि x चा लॉग एकच. त्या बाजूने मांडला गेलेला एक युक्तिवाद ओळखीचा वाटेल: (−x)² आणि x² सारखेच, म्हणून 2 log (−x) = 2 log x, दोन्हीकडचा 2 काढा. लायब्निट्सला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते असे लॉग काल्पनिकच असणार. अठराव्या शतकाच्या मध्यावर ऑयलरने हा तिढा सोडवला. त्याने दाखवलं की संमिश्र संख्यांत शून्याखेरीज प्रत्येक संख्येला एक नव्हे तर अगणित लॉग असतात. e पायाने −1 चा लॉग πi, तसाच −πi आणि 3πi सुद्धा. म्हणून दोन्हीकडचा 2 काढून टाकायला आधारच उरत नाही.

गंमत अशी की ऑयलरच्या हिशेबात आपल्या वजा दोनलाही थोडी जागा मिळते. −2 च्या लॉगसाठी πi असलेली किंमत आणि −4 साठी −πi असलेली किंमत निवडली तर काल्पनिक भाग एकमेकांना कापतात आणि बेरीज 3 येते. दोन्हीकडे πi घेतला तर येत नाही. अकरावीचा पेपर मात्र वास्तव संख्यांतला असतो, तेव्हा तिथे x = 4 एवढंच लिहायचं, आणि −2 का सोडला त्याची एक ओळ खाली.