लाली शोधावी हिरव्या चॅनलमध्ये

सिनेमात स्टंट करणाऱ्याच्या धडावर नटाचा चेहरा बसवतात. स्टंटवाला उन्हात राबलेला, त्याचं नाक आणि गाल भाजून लाल झालेले. नटाचा चेहरा मात्र स्टुडिओत टिपलेला. अशा वेळी गालांवर नुसता लाल थर चढवला, की चेहरा हमखास रंगवल्यासारखा दिसतो.

कारण ही लाली त्वचेच्या आत असते. उन्हाने बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं. लाल फारसा वाढत नाही, हिरवा घटतो. फक्त हिरवा चॅनल पाहिला तर भाजलेली जागा काळपट उठून दिसते.

समजा, स्टंटवाल्याच्या न भाजलेल्या गळ्यावर लाल २००, हिरवा १५०; नाकावर लाल २००, हिरवा १२०. म्हणजे नाकावर हिरवा ०.८ पट उरला. नटाच्या नाकावरचा हिरवाही तेवढ्याच पटीने घटवायचा, तोही मऊ कडांच्या, जरा डागाळ मास्कमधून. छिद्रांचा पोत मूळचाच राहतो.

खरी गोची चकाकीची. नाकाच्या शेंड्यावरचा चमकता ठिपका त्वचेत न शिरताच परततो, म्हणून तो पांढराच हवा. तो गुलाबी झाला, की काम फसलं समजा. लाजेची लाली असेल तर कानही पाहावेत. गाल लाल आणि कान फिके, हे डोळ्यांना खटकतं. गडद त्वचेत मेलॅनिनच बराच प्रकाश शोषतं, त्यामुळे तिथे लाली मुळातच कमी दिसते. ती ओढूनताणून आणू नये.