कोल्ड ईमेलची पोहोच

पूर्वपरिचय नसलेल्या व्यक्तीस व्यवसाय, नोकरी अथवा सहकार्याच्या प्रस्तावासाठी पाठवलेल्या ईमेलास कोल्ड ईमेल असे म्हणतात. असा संदेश प्राप्तकर्त्याच्या इनबॉक्समध्ये दाखल होण्याच्या क्षमतेस त्याची पोहोच म्हणतात. संदेश स्वीकारला जाणे आणि तो इनबॉक्समध्ये दिसणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरने `250` हा संकेत दिला, म्हणजे संदेश ताब्यात घेतला, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यानंतर तो इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅमच्या कप्प्यात, हे सर्व्हर स्वतंत्रपणे ठरवतो आणि तो निर्णय प्रेषकास कळवत नाही. त्यामुळे पाठवणीच्या साधनांच्या अहवालात ‘पोहोचले’ असे दिसणारे संदेश प्रत्यक्षात कोणाच्याही दृष्टीस पडलेले नसणे शक्य असते.

## प्रेषकाची पत

ईमेल सेवा प्रत्येक प्रेषकाची पत त्याच्या पूर्वीच्या वर्तनावरून ठरवतात. ही पत संदेश पाठवणाऱ्या आयपी पत्त्याला आणि प्रेषकाच्या डोमेनला अशी दोन्हींना जोडलेली असते. डोमेन नवे असल्यास त्याच्याविषयी कोणताही पूर्वेतिहास उपलब्ध नसतो. अशा डोमेनवरून अचानक शेकडो संदेश निघू लागले, तर ते संशयास्पद ठरते.

पत घसरण्याची दोन प्रमुख कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे अस्तित्वात नसलेले पत्ते. अशा पत्त्यावरील संदेश `550 5.1.1` या संकेतासह परत येतो. परतीचे प्रमाण वाढले की यादी विकत घेतलेली अथवा अंदाजाने बनवलेली असावी, असा निष्कर्ष काढला जातो. दुसरे कारण म्हणजे प्राप्तकर्त्यांनी नोंदवलेल्या स्पॅमच्या तक्रारी. तक्रारींचे प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली राखावे आणि ते 0.3 टक्क्यापर्यंत कधीही जाऊ देऊ नये, अशी गूगलची प्रेषकांना सूचना आहे. 0.1 टक्का म्हणजे हजार संदेशांमागे एक तक्रार.

## ओळखीची जुळणी

पत ज्या डोमेनच्या नावे जमा होते, तो संदेश खरोखर त्याच डोमेनचा आहे हे सिद्ध व्हावे लागते. त्यासाठी तीन पद्धती प्रचलित आहेत. एसपीएफ या पद्धतीत डोमेनतर्फे कोणते सर्व्हर संदेश पाठवू शकतात, याची जाहीर नोंद असते. डीकेआयएम या पद्धतीत संदेशावर डोमेनची डिजिटल स्वाक्षरी असते. या दोहोंपैकी निदान एकीत सिद्ध झालेले डोमेन आणि वाचकास ‘प्रेषक’ म्हणून दिसणारे डोमेन यांचा मेळ बसतो की नाही, हे डीमार्क तपासते. फेब्रुवारी 2024 पासून दिवसाला 5,000 किंवा अधिक संदेश जीमेल खात्यांना पाठवणाऱ्यांसाठी या तिन्ही पद्धती गूगलने आवश्यक केल्या आहेत.

अनेकदा पहिल्या दोन तपासण्या उत्तीर्ण होऊनही तिसरी फसते. संदेशाच्या मूळ शीर्षभागात ते पुढीलप्रमाणे दिसते :

```
dkim=pass header.i=@mailer.example.net
spf=pass smtp.mailfrom=bounce.mailer.example.net
dmarc=fail header.from=example.com
```

येथे स्वाक्षरी पाठवणीच्या सेवेची आहे, प्रेषकाची नाही. पाठवणीच्या सेवेत स्वतःच्या डोमेनची डीकेआयएम स्वाक्षरी चालू केल्यास हा दोष दूर होतो.

## दुव्यांचा वापर

गाळणी केवळ प्रेषकाचे डोमेन तपासत नाही. संदेशातील प्रत्येक दुव्याचे डोमेनही ती तपासते. स्पॅमहाउस आणि एसयूआरबीएल यांच्या संशयित डोमेनांच्या याद्या यासाठी वापरल्या जातात. त्यामुळे प्रेषकाची पत निर्दोष असूनही एका दुव्यामुळे संदेश अडकू शकतो.

हे बहुधा दोन प्रकारे घडते. दुवा लहान करणाऱ्या सार्वजनिक सेवा फसवणूक करणारेही वापरतात आणि खरा मुक्काम त्यात झाकलेला राहतो. दुसरा प्रकार प्रेषकाच्या लक्षातही येत नाही. कोणी दुवा उघडला याची नोंद ठेवण्यासाठी पाठवणीची साधने मूळ दुवा बदलून त्या जागी स्वतःचा मागोवा-दुवा घालतात. असे मागोवा-डोमेन अनेक ग्राहकांत सामाईक असते. त्यांपैकी एकाने स्पॅम पाठवल्यास त्याची झळ सर्वांना बसते. शिवाय वाचकास एक डोमेन दिसावे आणि दुवा दुसऱ्याच डोमेनवर जावा, ही फसव्या संदेशांची ओळखीची खूण आहे. पहिल्या संदेशात मागोवा बंद ठेवणे आणि फार तर स्वतःच्या संकेतस्थळाचा एक पूर्ण दुवा देणे हा त्यावरील साधा उपाय होय.

## मांडणीतील दोष

स्पॅमअसॅसिन या मुक्त गाळणीत प्रत्येक दोषास गुण दिले जातात आणि मूळ मांडणीनुसार बेरीज 5 झाल्यास संदेश स्पॅम ठरतो. केवळ एचटीएमएल असून साध्या मजकुराची प्रत नसणे (`MIME_HTML_ONLY`), किंवा मोठे चित्र आणि त्यासोबत जेमतेम मजकूर असणे (`HTML_IMAGE_ONLY_*`) हे असे दोष आहेत. पार्श्वभूमीच्याच रंगात मजकूर लपवणे, तसेच पूर्वीचा पत्रव्यवहार नसताना विषयात `Re:` लिहिणे, या गोष्टी फसवणुकीच्या मानल्या जातात. विषयातील `Re:` मुळे वाचक संदेश उघडतो, परंतु दिशाभूल लक्षात येताच तक्रारही करतो. अशा प्रकारे मांडणीतील दोष अखेर पतीवरच उतरतो.

## उदाहरण

समजा, एका भाषांतर-कार्यालयाने नव्या डोमेनवरून विकत घेतलेल्या यादीस एका दिवसात 400 संदेश पाठवले. त्यांपैकी 48, म्हणजे 12 टक्के, परत आले. उरलेले 352 संदेश अहवालात ‘पोहोचले’ असे दिसतात. प्रत्यक्षात 200 स्पॅममध्ये आणि 152 इनबॉक्समध्ये गेले. दोघांनी तक्रार केली. 352 शी तुलना केल्यास प्रमाण सुमारे 0.6 टक्के भरते. परंतु गूगल हे प्रमाण इनबॉक्समध्ये गेलेल्या संदेशांवर मोजते. त्या हिशेबाने ते सुमारे 1.3 टक्के, म्हणजे 0.3 टक्क्याच्या मर्यादेच्या चौपटीहून अधिक होते. पुढे सर्वच संदेश स्पॅममध्ये जाऊ लागले की तक्रारी थांबतात आणि प्रमाण शून्यावर येते. हे शून्य सुधारणेचे लक्षण नसते.

दोष शोधण्यासाठी प्रथम शीर्षभागातील डीमार्कचा निकाल पाहतात. तो योग्य असल्यास एकच मजकूर दुव्यासह आणि दुव्याविना अशा दोन रूपांत, निरनिराळ्या सेवांवरील चाचणी-खात्यांना पाठवतात. फक्त दुव्याचा संदेश स्पॅममध्ये गेल्यास दोष दुव्यात असण्याचा संभव अधिक असतो. दोन्ही गेल्यास पत खालावली असावी. अशा वेळी मजकुरात बदल करून उपयोग होत नाही. पाठवणी थांबवून यादी पडताळणे आणि नंतर थोड्या, नेमक्या व्यक्तींना लिहिणे हाच मार्ग उरतो.

## मर्यादा

चाचणी-खाते प्रेषकाशी पूर्वी बोललेले असल्यास त्याचा निकाल विश्वासार्ह नसतो, कारण सेवा प्रत्येक वाचकाचा वैयक्तिक इतिहासही विचारात घेतात. गूगलचे ‘पोस्टमास्टर टूल्स’ तक्रारींचे प्रमाण दाखवते, मात्र संदेशांची संख्या फार कमी असल्यास त्यात आकडे दिसत नाहीत. उघडलेल्या संदेशांची संख्याही भरवशाची नाही. ती अदृश्य चित्रावरून मोजली जाते, आणि ॲपलच्या मेलमधील 2021 सालच्या गोपनीयता-सुविधेत वाचकाने संदेश न उघडताही अशी चित्रे आधीच मागवली जातात. त्यामुळे लहान प्रेषकासाठी आलेली उत्तरे आणि परत आलेले संदेश हेच अधिक खात्रीचे निदर्शक ठरतात.