संस्थापकांचा हिस्सा घटतो कसा?
शेअर बाजाराची कागदपत्रे वाचताना : साप्ताहिक लेखमाला

संस्थापकाने एकही शेअर विकला नाही, तरी कंपनीतला त्याचा टक्का घटू शकतो. पुण्याच्या पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या मार्च २०१० मधल्या आयपीओत हे स्पष्ट दिसते.

आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने ३१० रुपयांना एक, असे ५४,१९,७०६ शेअर लोकांना देऊ केले. त्यातले १२,८०,७०६ जुन्या भागधारकांनी विकलेले होते. ते फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेले आणि त्यांचे पैसे विकणाऱ्यांना मिळाले. उरलेले ४१,३९,००० मात्र नव्याने जन्मलेले शेअर होते. त्यांचे सुमारे १२८ कोटी रुपये कंपनीत आले आणि एकूण शेअर ३,५८,६१,००० वरून ४ कोटींवर गेले.

समजा, आधी एखाद्याकडे ४० लाख शेअर होते. तेव्हा त्याचा हिस्सा ११.१५ टक्के होता. आयपीओनंतर शेअर तेवढेच, पण हिस्सा १० टक्के. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा वाटा पातळ होतो, त्याला डायल्यूशन म्हणतात.

ठाणे-डोंबिवलीतल्या डीमॅट खातेदाराला हा हिशेब घरबसल्या करता येतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर 'Shareholding Pattern' उघडावे. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत कंपनीला हा तक्ता द्यावाच लागतो. प्रवर्तक गटाच्या यादीत संस्थापकाचे नाव, शेअरची संख्या आणि टक्केवारी मिळते. दोन तिमाह्यांचे तक्ते शेजारी ठेवावेत. संख्या घटली असेल, तर शेअर विकले किंवा कुणाला दिले. संख्या तीच आणि टक्का घटला, तर नवे शेअर निघाले.

इथे एक चकवा आहे. पर्सिस्टंटने २०१५ मध्ये एकास एक बोनस दिला आणि २०२४ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे पाच रुपयांचे दोन केले. दोन्ही वेळा संख्या दुप्पट झाली, टक्का हलला नाही. म्हणून जुन्या आकड्यांना आधी त्याच पटीने गुणावे. उलट २०१९ मध्ये कंपनीने बाजारातून स्वतःचे शेअर परत घेतले. अशा खरेदीत प्रवर्तकांना शेअर विकता येत नव्हते. त्यामुळे एकूण शेअर ८ कोटींवरून सुमारे ७.६४ कोटींवर आले आणि प्रवर्तकांचा टक्का आपोआप वाढला.

शिवाय 'प्रवर्तक' म्हणजे संस्थापकच, असे धरू नये. दांडेकरांच्या कॅमलिनचा ताबा २०११ मध्ये जपानच्या कोकुयोकडे गेला. तिथे प्रवर्तक गटाची बेरीज मोठी दिसते, पण त्यातला बहुतेक वाटा कोकुयोचा आहे. म्हणून बेरजेवर न थांबता नावांच्या ओळी वाचाव्यात.

पुढच्या आठवड्यात याच तक्त्यातला गहाण शेअरचा रकाना.