तीन फ्लॅट, दोन बाण

तुम्ही आलात मशीन लर्निंग शिकायला आणि पहिल्याच सेमिस्टरला समोर आलं लिनिअर अल्जिब्रा. ते का, हे मी भाड्याच्या तीन फ्लॅटांवरून सांगतो. खोली शोधत फिरताना तुम्हीही असाच हिशेब केला असेल.

आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. पहिला फ्लॅट 400 चौरस फूट, एक खोली, भाडं 9 हजार. दुसरा 600 फूट, दोन खोल्या, 14 हजार. तिसरा 800 फूट, दोन खोल्या, 18 हजार. शंभर फुटांमागे किती हजार आणि खोलीमागे किती हजार, एवढंच शोधायचंय. उत्तर नेमकं येतं: शंभर फुटांना 2 आणि खोलीला 1. करून पाहा, तिन्ही भाडी जुळतात.

आता तिसरा मालक म्हणाला, 19 हजार हवेत. झालं! तीन समीकरणं, दोन अज्ञात, आणि तिन्हींना पुरी पडेल अशी जोडीच नाही. खऱ्या माहितीत नेहमी असंच असतं.

बारावीपर्यंत आपण समीकरणं आडवी वाचली. तीच आता उभी वाचा. क्षेत्रफळाचा स्तंभ (4, 6, 8) हा अवकाशातला एक बाण. खोल्यांचा (1, 2, 2) हा दुसरा. हे दोन बाण हवे तसे ताणून, आखडून, उलटे करून त्यांची बेरीज करत राहिलं, तर एक सपाट प्रतल तयार होतं. भाड्याचा बाण (9, 14, 19) त्या प्रतलाच्या किंचित बाहेर राहतो. मग त्याच्या टोकापासून प्रतलावर लंब टाकायचा. लंबाचा पाय हेच सर्वांत जवळचं उत्तर आणि लंब म्हणजे उरलेली चूक. ती दोन्ही स्तंभांना लंब आहे, म्हणजे दोघांशी तिचा डॉट प्रॉडक्ट शून्य. या दोन अटींतून दोन समीकरणं मिळतात. P शंभर फुटांचा दर, q खोलीचा.

```
116p + 32q = 272
 32p +  9q = 75
```

सोडवलं की p = 2.4 आणि q = -0.2. भाडी येतात 9.4, 14 आणि 18.8. ही लघुतम वर्गांची रीत लजांद्रने 1805 साली छापली.

पण खोलीचा दर उणे? एक खोली वाढली की भाडं दोनशे रुपयांनी कमी? माझ्या दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये अशीच उलटी चिन्हं आली होती आणि मी दोन दिवस कोडमधली चूक शोधत बसलो. कोड बरोबर होता. इथे दोष आहे तो दोन स्तंभांमधल्या कोनाचा. हे बाण जवळजवळ एकाच दिशेला जातात, त्यांच्यात जेमतेम 8 अंशांचं अंतर आहे. मोठ्या घराला खोल्याही जास्त असतात, म्हणून कशाचं श्रेय कुणाला द्यायचं हे माहितीतून नीट ठरत नाही. एका भाड्यात हजाराचा फरक पडला आणि खोलीचा दर 1 वरून उणे 0.2 वर गेला. अशाच घरांचं भाडं सांगायला हे मॉडेल चालेल. पण 800 फुटांत चार खोल्या केल्या, तर ते दोन खोल्यांपेक्षा कमी भाडं सांगेल.

हे ओळखायचं कसं? एखादा आकडा थोडा हलवून दर किती हलतात ते बघा, आणि हे चालवा:

```python
import numpy as np
A = np.array([[4, 1], [6, 2], [8, 2]])
y = np.array([9, 14, 19])
print(np.linalg.lstsq(A, y, rcond=None)[0])
print(np.linalg.cond(A))
```

शेवटचा आकडा सुमारे 28 येतो. तो 1 च्या जवळ असणं उत्तम. मात्र शंभराच्या पटीऐवजी 400, 600, 800 असं लिहिलंत, तर कोन तोच राहूनही हा आकडा फुगतो. म्हणून आधी सगळे स्तंभ सारख्या मापाचे करून घ्या.

सुरुवात कुठून करायची, तर डॉट प्रॉडक्ट, स्तंभांची बेरीज आणि लंब या तीन गोष्टी हाताने सोडवण्यापासून. मोठमोठे डिटरमिनंट तूर्त बाजूला ठेवा. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं मोफत उपलब्ध आहेत. पहिल्याच व्याख्यानात ते हे उभं वाचन शिकवतात. तेवढं ऐकून पंधरावं आणि सोळावं लावा, तिथे लंबाची गोष्ट आहे.

आणि आज रात्री वहीत एवढं करा. तेच क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये तिसरा स्तंभ म्हणून घाला: 37.2, 55.7, 74.3. नवी माहिती काहीच नाही, फक्त दशांश तोडलेत. उत्तर येईल: शंभर फुटांना 95.5 हजार, खोलीला उणे 1 हजार, चौरस मीटरला उणे 10 हजार. आणि चूक पाहाल, तर ती बरोबर शून्य.