पंधरा जणांचा एक अहेर

ऑफिसात कुणाचं लग्न ठरलं की पत्रिका हाती पडायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप निघतो. नवरदेव सोडून बाकी सगळे त्यात. पहिला प्रश्न वर्गणीचा. तिथे कुणीतरी उत्साही ‘माझे हजार’ असं लिहून मोकळा होतो आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलीची पंचाईत होते. द्यावेत तर महिनाअखेर, न द्यावेत तर सगळ्यांच्या डोळ्यांवर येणार.

म्हणून पैसे एकाच माणसाच्या यूपीआयवर जावेत आणि कुणी किती दिले ते त्याच्यापाशीच राहावं. समजा, टीम 16 जणांची आहे. नवरदेव वगळून 15. माणशी 300 ठरले. शिपाईकाका आणि दोन शिकाऊ मुलांकडे मागायचेच नाहीत. साहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, तर ते 1000 काढतात. उरलेल्या 11 जणांचे 3300, म्हणजे झाले 4300. कार्डावर मात्र नावं पंधराच्या पंधरा, तीही एकाच अक्षरात. हा आकडा जपून ठेवावा. चार महिन्यांनी दुसऱ्या टेबलावरच्या मुलीचं लग्न निघतं, आणि तिला 2500ची वस्तू गेली तर बोलत कुणी नाही, पण विसरतही नाही.

वस्तूचं म्हणाल तर चांदीचा मोह टाळावा. एवढ्या पैशांत छोटंसं निरांजन येतं, त्यात घडणावळ वेगळी. डिनर सेट आणि भिंतीवरची घड्याळं नातेवाईक आणतातच. नवरदेवालाच विचारलेलं बरं, पण ‘काय देऊ?’ म्हटलं की तो ‘अहो, कशाला!’ म्हणणार. त्यापेक्षा ‘नव्या घरात मिक्सर आला का? इस्त्री?’ असं नेमकं विचारावं. उत्तर लगेच मिळतं. मिक्सर ठरला, तर बिल जपून ठेवावं आणि बदलून मिळण्याची मुदत दुकानात आधीच विचारावी. लग्नानंतर माणूस दहा-बारा दिवस गावाला असतो. मुदत सात दिवसांची असली तर वस्तू बदलायची राहूनच जाते.

आता द्यायचं कुणी आणि कुठे? रिसेप्शनच्या स्टेजवर मोठं खोकं नेऊ नये. मागे रांग खोळंबलेली, फोटोग्राफर ‘इकडे बघा’ म्हणतोय, आणि खोकं खुर्चीमागच्या ढिगात जातं. चिठ्ठी निघाली की ते कुणाचं हेही कळत नाही. शिवाय पत्रिकेवर ‘कृपया अहेर आणू नये’ छापलेलं असलं, तर यजमानच अवघडतात. रजेवर जाण्याच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळी, ऑफिसातच द्यावं. लग्नाला न जाणारेही तेव्हा हजर असतात. साहेबांच्या हस्ते दिलं की तो सत्कार होतो, भाषण ओघानेच येतं. माझं मत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. रोज त्याच्याच डब्यात हात घालणाऱ्याने खोकं पुढे केलं, तर नवरदेव ते तिथेच फोडतो.