आमची आवड आणि आकड्यांचा कौल

काजूचा हंगाम ओसरला की आमच्या मये गावात घरोघरी भाजलेल्या बियांचा वास दरवळतो. आमचा एक माजी विद्यार्थी गेली काही वर्षे सालीचे भाजके काजू पाकिटांत भरून बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांना पोस्टाने पाठवितो. दुकान असे नाही. घरी आई आणि तो, एवढाच कारभार. गिऱ्हाईक मिळते ते फोनच्या पडद्यावरील जाहिरातींतून. जाहिरातीसाठी त्याच्याजवळ दोन हजार रुपये होते. ते पाण्यात गेले तर पुढल्या हंगामाच्या बियांची उचल करणे कठीण होणार होते. म्हणून एके संध्याकाळी तो दोन चित्रे घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "सर, यातले कोणते लावू?"

पहिल्या चित्रात पहाटेचा मये तलाव, काठावर माडांची रांग आणि एका कोपऱ्यात काजूचे पाकीट. दुसऱ्यात सोललेल्या पांढऱ्याशुभ्र काजूगरांचा ढीग, अगदी जवळून टिपलेला. आम्ही क्षणाचाही विचार न करता तलावाकडे बोट दाखविले. त्या चित्रात रचना होती, मोकळी जागा होती, आमचा गाव होता. दुसरे आम्हांस किराणा दुकानाच्या पाटीसारखे भासले. तो नम्रपणे म्हणाला, "सर, दोन्ही लावून पाहू या."

ही कल्पना नवी नाही. पूर्वी मासिकांतील जाहिरातींखाली कापून पाठवावयाचे कूपन असे व त्यावर एखादे सांकेतिक अक्षर छापलेले असे. कोणत्या अक्षराची कूपने अधिक आली यावरून कोणती जाहिरात चालली हे व्यापारी ताडीत. अमेरिकेतील क्लॉड हॉपकिन्स याने 1923 साली या पद्धतीवर एक पुस्तकच लिहिले. आज कूपनाची जागा क्लिकने घेतली आहे एवढेच.

तथापि पहिल्याच पायरीवर त्याची गफलत झाली. दोन्ही चित्रे त्याने एकाच मोहिमेत टाकली. आरंभीच्या चार क्लिक ज्या चित्राला मिळतात तेच पुढे अधिक लोकांना दाखवावे, असा या यंत्रणेचा कल असतो. त्यामुळे एक चित्र शेकडो लोकांपुढे गेले व दुसरे जेमतेम काहींपुढे. अशी तुलना म्हणजे एका मुलास तीन तास व दुसऱ्यास अर्धा तास देऊन घेतलेली परीक्षा होय. यावर उपाय यंत्रणेतच आहे. `A/B test` या नावाची सोय निवडली की लोकांचे दोन स्वतंत्र गट पडतात व प्रत्येक गटास एकच चित्र दिसते. मजकूर, किंमत व दिवस त्याने दोहोंस सारखेच ठेवले. फरक केवळ चित्राचा.

पहिल्या दिवशी प्रत्येक चित्र सुमारे 400 वेळा दिसले. तलावास 8 क्लिक मिळाल्या, काजूगरांस 13. (हिशेब सोपा व्हावा म्हणून येथील आकडे आम्ही पूर्ण संख्येत घेतले आहेत.) तो लगेच तलाव काढावयास निघाला, तेव्हा आम्ही त्यास थांबविले. देवळात कौल लावताना एक पाकळी उजवीकडून पडली की काम भागते. आकड्यांचा कौल इतक्या स्वस्तात मिळत नाही. दोन्ही चित्रे सारख्याच वेळा दाखविली असतील व क्लिकचे प्रमाण अल्प असेल, तर एक ढोबळ नियम वापरता येतो. दोन्ही बाजूंच्या क्लिकची बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढून दुप्पट करावे. दोहोंतील फरक त्याहून मोठा असेल तरच तो मानावा. येथे बेरीज 21, वर्गमूळ साडेचारच्या आसपास, दुप्पट नऊ. आणि फरक अवघा पाच. म्हणजे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. या नियमानेदेखील वीसांत एखादी चूक होतेच. शिवाय रोज डोकावून, आपल्याला हवे ते चित्र पुढे दिसताच मोजणी थांबविली तर चुका कितीतरी वाढतात. म्हणून प्रत्येकी 5000 वेळा दाखवून होईपर्यंत निकाल लावावयाचा नाही, असे ठरले.

तेवढे झाल्यावर तलावास 90 व काजूगरांस 135 क्लिक पडल्या. बेरीज 225, वर्गमूळ 15, दुप्पट 30, फरक 45. आता शंकेस जागा नव्हती. आमची आवड हरली, असे आम्ही मनोमन मान्यही केले.

परंतु त्याच्या आईने वहीतील मागण्या मोजल्या. तलावाच्या चित्रावरून आलेल्या लोकांनी 9 मागण्या नोंदविल्या होत्या व काजूगरांच्या चित्रावरून 10. एका क्लिकला चार रुपये पडत होते. म्हणजे तलावाची एक मागणी 40 रुपयांस पडली व काजूगरांची 54 रुपयांस! मागण्यांची संख्या इतकी लहान की तिच्यावरून कोणतेही चित्र सरस ठरविता येत नव्हते. पण जादा 45 क्लिकांचे पैसे मात्र खर्च झाले होते. कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. आलेल्या निरोपांत पुन्हापुन्हा एकच प्रश्न होता : "पांढरे काजू नाहीत का?" चित्रात सोललेले गर, पाकिटात सालीचे काजू. चित्राने जे वचन दिले ते माल पाळीत नव्हता. क्लिक म्हणजे कुतूहल. मागणी म्हणजे विश्वास. मोजावयाची गोष्टच चुकली तर आकडे कितीही पक्के असले तरी उपयोगाचे नाहीत.

येथे आमच्या डोळ्यांस काम मिळाले. आकडे दिलेल्या चित्रांतून निवड करतात. नवे चित्र सुचवीत नाहीत. आम्ही म्हणालो, "जवळून टिपलेले चित्र लोकांस आवडते हे सिद्ध झाले. मग तुझे खरे काजूच जवळून टीप." तांबूस सालीचे काजू केळीच्या पानावर ओतून त्याने तिसरे चित्र काढले. या वेळी निकाल मागण्यांवर लावावयाचा, हे आधीच ठरविले. प्रत्येकी 6000 वेळा दाखविल्यावर तलावास 108 क्लिक व 11 मागण्या, तर नव्या चित्रास 148 क्लिक व 28 मागण्या आल्या. मागण्यांची बेरीज 39, वर्गमुळाची दुप्पट साडेबारा, फरक 17. एका मागणीचा खर्च 39 रुपयांवरून 21 वर उतरला. तलाव काढून टाकण्यास आम्हीच संमती दिली.

जाणत्यांचीही अशीच फसगत होते. 2007 च्या डिसेंबरात बराक ओबामांच्या प्रचार-पानासाठी चित्रफिती, छायाचित्रे व बटणावरील शब्द यांच्या 24 जोड्या तपासण्यात आल्या. प्रत्येक जोडी सुमारे 13 हजार लोकांपुढे गेली. कार्यकर्त्यांचा ओढा एका चित्रफितीकडे होता. प्रत्यक्षात सर्व चित्रफिती छायाचित्रांच्या मागे पडल्या. कुटुंबासमवेतचे साधे छायाचित्र जिंकले व नाव नोंदविणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 8.26 वरून 11.6 वर गेले. तेथेही मोजले गेले ते नाव नोंदविणे, नुसते पाहणे नव्हे.

तेव्हा आवडीने माघार केव्हा घ्यावी? प्रश्न परक्या माणसाच्या वर्तनाचा असेल, दोन्ही बाजूंस समान संधी मिळाली असेल, संख्या पुरेशी असेल आणि आपणांस जे हवे तेच मोजले असेल, तेव्हा. यांतील एक जरी अट उणी असली तरी डोळ्यांवर विश्वास ठेवावा. आणि चित्र खोटे बोलत असेल तर आकडे कितीही अनुकूल असोत, ते काढून टाकावे. फसलेला गिऱ्हाईक पुढल्या हंगामात परत येत नाही, आणि ती हानी त्या आठवड्याच्या आकड्यांत दिसत नाही.

तलावाचे ते चित्र आता त्याच्या घरच्या ओटीवर चौकटीत लावलेले आहे. ते आम्हांस अद्यापही अधिक सुंदर वाटते. पण काजू विकण्याचे काम त्याचे नव्हते.